लंजेस मोजलेच नव्हते

आज सकाळी स्क्वॉटला ६० किलो लावले आणि तिसऱ्या रेपलाच खाली बसल्यावर वर यायचं नावच नाही, मागच्या आठवड्यात हेच वजन पाच-पाचचे तीन सेट आरामात झालं होतं. खरं तर वॉर्मअपलाच कळायला हवं होतं, ४० किलोचा बारही जड आणि हळू वर येत होता, पण माझा हट्ट.

घरी येऊन हिशोब केला. काल संध्याकाळी कॉलेज रोडच्या ग्रुप क्लासला जंप स्क्वॉट आणि वॉकिंग लंजेस मिळून शंभरच्या वर झालेले, आणि मी ते "कार्डिओ" म्हणून सोडून दिलेले! पायांना काय कळतंय नाव कार्डिओ की लेग डे. त्यात लंजमध्ये खाली जाताना मांडी ताणली जात भार घेते, म्हणून दुसऱ्या दिवशी जिना उतरताना रेलिंग धरावं लागतं, सायकलिंगच्या क्लासनंतर एवढं होत नाही.

आता मंगळवारीच सकाळी स्क्वॉट, तीनऐवजी दोनच सेट, आणि संध्याकाळी क्लास, म्हणजे पायांचा सगळा मार एकाच दिवशी. बुधवारी फक्त बेंच आणि रोइंग, पाय पुन्हा थेट शुक्रवारी. क्लासमध्ये उड्यांच्या वेळी मी साधे स्क्वॉट करणार, ट्रेनर ओरडला तरी.

आई म्हणाली, "एवढे पैसे भरून लंगडतोस?" उत्तर नव्हतं, गपचूप मिसळ खाल्ली.