आर्थिक स्वातंत्र्याचा माझा आकडा

नोकरी सोडल्यावरही आयुष्यभराचा खर्च भागेल अशी जमा रक्कम म्हणजे माझा आकडा. सूत्र सोपं आहे: वर्षाचा खर्च भागिले सुरक्षित उचल दर, म्हणजे पैसा न संपता जमा रकमेतून दरवर्षी खर्चाला काढता येईल तो टक्का. माझा खरा वेळ गेला तो वर्षाचा खर्च ठरवण्यात.

खात्याच्या उताऱ्यावरून 12 महिन्यांत गेलेले पैसे जोडले, तर 7 लाख 20 हजार झाले. पण त्यात कर्जाचे 1 लाख 80 हजारांचे हप्ते होते, आणि कर्ज कधीतरी संपणार. तो हप्ता खर्चात धरून मी ठरवलेल्या 3.5 टक्के उचल दराने भागला असता, तर त्यापोटीच 51 लाखांहून अधिक जमवावे लागले असते. मुद्दल मात्र 5 लाखच उरलं होतं! म्हणून हप्ते वगळले आणि ते 5 लाख शेवटी वेगळे मिळवायचे ठरवले. राहिले 5 लाख 40 हजार.

मग त्या वर्षात न दिसलेले खर्च शोधले. 8 लाखांची गाडी 10 वर्षांनी बदलायची म्हणजे वर्षाला 80 हजार. घराची डागडुजी आणि घरातली मोठी उपकरणं यांचे 40 हजार. गुंतवणुकीतून पैसे काढताना कर लागेल, त्याचे अंदाजे 40 हजार. एकूण 7 लाख. नोकरी सुटल्यावर आरोग्य विम्याचा हप्ता स्वतःच्या खिशातून जाणार असेल, तर तोही इथेच धरायचा.

आता दर. प्रसिद्ध 4 टक्के आले अमेरिकी आर्थिक सल्लागार विल्यम बेंगन यांच्या 1994 च्या अभ्यासातून. पहिल्या वर्षी जमा रकमेच्या 4 टक्के काढायचे, पुढे तीच रक्कम महागाईप्रमाणे वाढवत न्यायची. पण तो हिशोब अमेरिकेतल्या शेअर आणि सरकारी रोख्यांच्या परताव्यांवर, साधारण 30 वर्षांच्या निवृत्तीसाठी होता. मला 40-45 वर्षं काढायची आहेत. शिवाय सुरुवातीचीच वर्षं मंदीची निघाली, तर पडलेल्या भावात जास्त युनिट विकावी लागतात आणि नंतर बाजार सावरला तरी विकलेली युनिट परत येत नाहीत. सरासरी परतावा चांगला असूनही पैसा संपू शकतो तो यामुळेच. म्हणून मी 3.5 टक्के धरले. ही हमी नव्हे, थोडी जास्त सावधगिरी आहे.

7 लाख भागिले 0.035 म्हणजे 2 कोटी. त्यात कर्जाचे 5 लाख मिळवून 2 कोटी 5 लाख. 4 टक्क्यांनी हेच 1 कोटी 80 लाख झाले असते. अर्ध्या टक्क्याची किंमत 25 लाख. राहतं घर मी जमेत धरलेलं नाही, कारण ते विकून खर्च भागवायचा नाही.

हा आकडा आजच्या भावातला आहे. महागाई 6 टक्के राहिली, तर पुढच्या वर्षी 7 लाखांचे 7 लाख 42 हजार होतील आणि 2 कोटींचे 2 कोटी 12 लाख, म्हणून दर वर्षअखेरीला उतारे काढून पुन्हा मांडणी करते.