आधी मुद्दे दाखव

"मॅडम, नुसते मुद्दे तपासून काय कळतं? पोरांना आधी अख्खा निबंध का नाही लिहू देत?"

लिहिलेलं खोडवत नाही, म्हणून. दोन रात्री बसून आठशे शब्द लिहून आणले की 'तिसरा परिच्छेद काढ, पाचवा वर घे' हे कुणाच्याही पचनी पडत नाही. मुलं शब्द बदलतात, पण परिच्छेद जागचा हलवत नाहीत. मांडणी चुकली असेल तर ती एका पानावर असतानाच बोललेलं बरं.

गेल्या वर्षी निफाड तालुक्यातून एसटीने येणाऱ्या एका विद्यार्थिनीने 'कांदा निर्यातबंदी' हा विषय घेतला होता. घरी कांद्याचीच शेती. तिने आणलेले मुद्दे असे होते: प्रस्तावना, लासलगाव बाजार समितीचा इतिहास, निर्यातबंदी, शेतकऱ्यांचे हाल, ग्राहक, उपाय, समारोप. वरवर पाहता यात चूक काहीच नाही. पण एकाही ओळीत क्रियापद नाही. 'शेतकऱ्यांचे हाल' हा मथळा झाला. त्याखाली ती काय म्हणणार हे मला कळत नव्हतं, आणि विचारल्यावर लक्षात आलं की तिलाही ठरवता आलेलं नव्हतं.

म्हणून मी पहिलं काम तेच देते: प्रत्येक मुद्दा क्रियापदासकट पूर्ण वाक्यात लिही. तिने समोर बसूनच लिहायला घेतलं. लासलगावपाशी पेन अडलं. वाक्य झालं, पण 'लासलगाव ही कांद्याची मोठी बाजारपेठ आहे' एवढंच, आणि त्याचा बंदीशी सांधा जुळेना. तो मुद्दा तिने स्वतःच खोडला. 'बंदीमुळे शेतकऱ्यांचं नुकसान झालं' हे वाक्य मात्र तिला पुरेसं वाटत होतं. हे वाक्य कुणीही, कांदा न पाहताही, लिहू शकतं. मी विचारलं, "बंदी आली तेव्हा तुमच्याकडे कोणता कांदा होता?"

"लाल."

"मग कांदाचाळीत साठवून का नाही ठेवला?"

"मॅडम, लाल टिकतो कुठे? चाळीत भरतात तो उन्हाळ."

ती दोन क्षण थांबली आणि पुन्हा लिहायला लागली. बंदी आली ८ डिसेंबर २०२३ ला, म्हणजे लाल कांदा बाजारात येत असताना. तो महिनोन्‌महिने राखून ठेवता येत नाही, मिळेल त्या भावाला द्यावा लागतो. बंदी उठली ४ मे २०२४ ला, म्हणजे उन्हाळ कांदा निघालेला असताना, आणि तो चाळीत चार-पाच महिने थांबू शकतो. तिचं नवं वाक्य होतं: 'बंदीचा सर्वांत मोठा फटका ज्याला थांबता येत नव्हतं त्याला बसला.' निबंधाचं म्हणणं सापडलं होतं. ते तिच्या घरातच होतं, फक्त 'हाल' या शब्दाखाली झाकलं गेलं होतं.

आता क्रम. 'ग्राहक' पाचव्या जागी होता. शहरातल्या ग्राहकाला परवडणाऱ्या भावात कांदा मिळायला हवा, हा बंदीच्या बाजूचा खरा मुद्दा आहे. तो शेतकऱ्याच्या नंतर आला तर आधी उभं केलेलं सगळं शेवटी डळमळतं. मी फक्त विचारलं, "हे वाचून झाल्यावर वाचक कुणाच्या बाजूने राहील?" तिने तो उचलून दुसरा केला, म्हणजे उत्तर द्यायला पुढे जागा उरली. मग सगळी वाक्यं एका दमात मोठ्याने वाचायला लावली. मध्ये 'पण' किंवा 'म्हणून' बसत नसेल, नुसतं 'आणि, आणि' होत असेल, तर तो निबंध नाही, यादी आहे.

या वेळी मी शुद्धलेखनाला हात लावत नाही. दुरुस्त केलेली ओळ मुलांना पक्की वाटते आणि ती काढायची त्यांची तयारी राहत नाही. सूचनाही दोनच देते, त्या शक्यतो प्रश्नाच्या रूपात. एका मुलाच्या कागदाच्या समासात मी पूर्वी 'असं लिही' म्हणून चार वाक्यं लिहून दिली होती. निबंधात तीच चार वाक्यं जशीच्या तशी आली, आणि त्यांच्या आजूबाजूचा मजकूर त्यांना धरून नव्हता. तो निबंध माझा झाला होता. तेव्हापासून माझं पेन समासात प्रश्नचिन्हापुढे जात नाही.

सगळ्यांनाच हे जमतं असंही नाही. काही मुलांना लिहिल्याशिवाय काय म्हणायचंय ते कळत नाही, त्यांचा आराखडा मोघमच येणार. त्यांना मी सर्वांत आतून माहीत असलेला एकच परिच्छेद आधी लिहून आणायला सांगते, आणि त्यातून मुद्दे काढायला आम्ही सोबत बसतो. भाषा कशी आहे, उदाहरण जिवंत आहे का, हे आराखड्यावरून कळतही नाही; त्यासाठी पूर्ण निबंध पुन्हा वाचावाच लागतो.

तिचा निबंध आठवड्याने आला. समारोप अजून लंगडा होता, त्यावर आम्ही पुन्हा बसलो. पण तिसरा परिच्छेद सुरू होत होता तो असा: 'आमच्या ओट्यावर तेव्हा लाल कांद्याचा ढीग होता, आणि वडील रोज सकाळी तो हाताने चाचपून बघत.'