तुम्ही विचारलंत म्हणून: आज लिहिलेलं उद्या गायब करणारा लॅपटॉप

«लॅपटॉप चालू होतो, पण आज केलेलं काम उद्या नसतं. हार्डडिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली तर आतलं सगळं मिळेल ना?»

काढायला आत हार्डडिस्कच नसते, इथूनच सुरुवात करावी लागते. दुकानात ३२ किंवा ६४ जीबी म्हणून मिळालेल्या स्वस्त लॅपटॉपचं मागचं झाकण उघडलं की मदरबोर्डवर नखाएवढी काळी चिप दिसते. ती ईएमएमसी. साठवण्याचे कप्पे आणि त्यांचा कारभार बघणारा कंट्रोलर, दोन्ही त्या एकाच तुकड्यात असतात, आणि खालच्या दीडशेच्या आसपास सोल्डरच्या गोळ्यांनी तो बोर्डाला चिकटलेला असतो. स्क्रू काढून हातात घ्यावं असं काही नाही.

पण तुम्ही सांगता ते लक्षण मला ऐकायला आवडतं, कारण त्यात अजून आशा असते. कऱ्हाडच्या माझ्या दुकानात हे लक्षण पहिल्यांदा आलं ते भांडणाच्या रूपात. एका बचत गटाच्या सचिव काकू लॅपटॉप घेऊन आल्या. म्हणाल्या, “दादा, कुणीतरी माझ्या हिशोबाला हात लावतंय.” गटातल्या एका बाईचा दोनशेचा हप्ता त्यांनी स्वतः एक्सेलमध्ये भरला होता, आणि दुसऱ्या दिवशी तो रकाना कोरा. पुन्हा भरला, पुन्हा कोरा. एव्हाना गटात कुजबुज सुरू झाली होती, आणि घरात मुलावरही संशय गेला होता.

मी डेस्कटॉपवर एक फोल्डर तयार केलं आणि मशीन रीस्टार्ट केलं. फोल्डर नाही. एक जुनी फाइल डिलीट केली, रीस्टार्ट केलं. फाइल जागेवर. मुलगा सुटला.

चिपमधला प्रत्येक कप्पा ठरावीक वेळाच पुसून लिहिता येतो. काही कप्पे राखीव असतात. एखादा झिजला की कंट्रोलर गुपचूप त्याच्या जागी राखीव कप्पा लावतो. राखीव साठा संपला की बरेच कंट्रोलर लिहिणं बंद करतात आणि फक्त वाचू देतात. विंडोज मात्र लिहायचं ते आधी रॅममध्ये धरून ठेवतं, म्हणून वीज आहे तोवर पडद्यावर सगळं झाल्यासारखं दिसतं. मशीन बंद झालं की रॅम कोरी होते आणि चिप तुम्हाला तिचा शेवटचा खरा दिवस दाखवते.

तो दिवस शोधता येतो. फाइल एक्सप्लोररमध्ये सगळ्या सी ड्राइव्हवर शोध घेऊन बदलल्याच्या तारखेनं क्रम लावायचा आणि सर्वांत नवी तारीख पाहायची. काकूंच्या मशीनवर, नुकतंच चालू केलेलं असताना, ११ ऑगस्टच्या पुढची एकही फाइल नव्हती. आम्ही बसलो होतो सप्टेंबरच्या अखेरीला. म्हणजे मधले सहा-सात आठवडे चिपवर कधी लिहिलेच गेले नव्हते. हे कुठल्याही लॅबमध्ये, कितीही पैसे मोजून मिळत नाही. पुसलेलं शोधता येईल कदाचित, न लिहिलेलं काय शोधणार? म्हणून असा संशय आला आणि दिवसभराचं काम अजून पडद्यावर उघडं असेल, तर मशीन बंद करू नका. चार्जर लावा आणि ती फाइल आधी पेन ड्राइव्हवर सेव्ह करा.

एवढी लवकर झीज का होते, याचं उत्तर बहुतेक वेळा जागेत असतं. ३२ जीबीतलं निम्म्याहून जास्त विंडोजनंच खाल्लेलं, वर अपडेट्स, आणि रॅम दोन किंवा चार जीबी. रॅम पुरत नाही म्हणून विंडोज सतत चिपवर लिहून काम भागवतं. मोकळे कप्पे मूठभरच, मग त्यांच्यावरच पुन्हापुन्हा घाव बसतात. हे फक्त स्वस्त मालाचंच दुखणं नाही. टेस्लानं २०२१ मध्ये अमेरिकेत सुमारे १,३५,००० गाड्या परत मागवल्या, त्या ८ जीबीच्या अशाच चिपपायी. गाडीचा मधला पडदा चालवणारा संगणक ती चिप झिजवत होता.

आता वाचवायचं कसं. चुकीचं पाऊल लोक इथेच टाकतात. विंडोज बिघडलंय असं समजून रीसेट मारतात, किंवा कोपऱ्यावरचा पोरगा ‘फॉरमॅट करून देतो’ म्हणतो. वाचण्यापुरतीच उरलेल्या चिपवर ते बहुधा पूर्ण होतच नाही, पण अर्धवट झालं तर मात्र पंचाईत.

विंडोज उघडतंय तोवर मी दोन कामं करतो. पहिलं, कुलपाची किल्ली. अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये ड्राइव्ह विंडोजच्याच बिटलॉकर नावाच्या कुलपानं आपोआप बंद झालेली असते आणि मालकाला ते ठाऊकही नसतं. विंडोज चालू असताना कुलूप उघडं असतं. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या सेटिंगमध्ये, जाऊन काही बदललं की मात्र ते ४८ अंकी किल्ली मागू शकतं. ती किल्ली मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवलेली असते, पण ते खातं विक्रीच्या दिवशी दुकानदारानं स्वतःच्याच ईमेलनं काढलेलं, असं मी कितीदा पाहिलंय. म्हणून कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून हे टाइप करायचं:

```
manage-bde -protectors -get C:
```

किल्ली पडद्यावर येते. मोबाइलनं फोटो काढायचा. त्या मशीनवर सेव्ह करायची नाही, हे सांगायला नको.

दुसरं काम म्हणजे जे लहान आणि मोलाचं आहे ते आधी पेन ड्राइव्हवर घ्यायचं. काकूंच्या हिशोबाच्या तीन वर्षांच्या फाइल्स मिनिटभरात निघाल्या. मग त्यांच्या मुलाच्या लग्नाच्या फोटोंचं फोल्डर घेतलं. तिथे कॉपी अडकली, मशीन गोठलं, आणि पुढच्या वेळी विंडोज उघडेचना. वाचता येणारे कप्पेही आता बोंब मारत होते.

त्यापुढे विंडोजऐवजी लिनक्स या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या पेन ड्राइव्हवरून मशीन चालू केलं. तिच्या टर्मिनलमध्ये `lsblk` टाकलं की ईएमएमसी `mmcblk0` अशा नावानं दिसते, ३२ जीबीची असेल तर साधारण 29.1G. मेमरी कार्डाचं नावही असंच असतं, पण जिच्या जोडीला `mmcblk0boot0` दिसतं ती चिप. ती यादीत येणं हीच मोठी बातमी. चिपची तब्येत विचारायचीही सोय आहे:

```
cat /sys/block/mmcblk0/device/life_time
```

शेजारीशेजारी दोन आकडे येतात. `0x01` म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत आयुष्य वापरलं, `0x0a` म्हणजे नव्वद ते शंभर. काकूंच्या चिपनं `0x0b` सांगितलं, म्हणजे ठरलेलं आयुष्य ओलांडलेलं. (आकडा चांगला आला म्हणून निर्धास्त होऊ नका. कंट्रोलर बिघडून अचानक गेलेल्या चिपा या आकड्यात दिसत नाहीत.)

मग फाइल्स एकेक उचलायच्या नाहीत, अख्ख्या चिपची प्रत काढायची. त्यासाठी ddrescue हा प्रोग्राम, उबुंटू या लिनक्समध्ये त्याच्या पॅकेजचं नाव gddrescue आहे. प्रत जिथे ठेवायची ती बाहेरची डिस्क फॅट३२ नको, कारण तिथे चार जीबीहून मोठी फाइल मावत नाही. त्या डिस्कवर जाऊन:

```
sudo blockdev --setro /dev/mmcblk0
sudo ddrescue -n /dev/mmcblk0 emmc.img emmc.map
sudo ddrescue -d -r3 /dev/mmcblk0 emmc.img emmc.map
```

पहिली ओळ चुकूनही लिहिलं जाऊ नये म्हणून. दुसरी सहज निघतं ते सगळं आधी उचलते आणि अडलेल्या जागा सोडून पुढे जाते. तिसरी त्या सोडलेल्या जागांवर पुन्हा तीन फेऱ्या करते. कुठवर आलो याची नोंद map फाइलमध्ये राहते. चिप मध्येच गोठली तर मशीन पूर्ण बंद करायचं, थंड होऊ द्यायचं, आणि पहिली ओळ देऊन मग अडलेली तीच ओळ पुन्हा द्यायची. काम सोडलं तिथून सुरू होतं. काकूंच्या मशीनला मी असं चार वेळा केलं. शेवटी काही एमबी वाचता आलेच नाहीत. फोटोंतले सात-आठ अर्धे राखाडी निघाले, बाकी धड. कुलूप उघडणं, फाइल्स शोधणं हे सगळं मग प्रतीवर करायचं. मोबाइलमधला तो किल्लीचा फोटो तिथे कामाला आला. तो नसता तर ती प्रत म्हणजे नुसता कचरा.

चिप यादीतच आली नाही तर गोष्ट वेगळी. बायोस म्हणतं ड्राइव्ह नाही, लिनक्सच्या नोंदीत `error -110` अशी ओळ पुन्हापुन्हा येते, म्हणजे चिप हाकेला ओच देत नाही. अशा वेळी दोन शक्यता असतात. एक, खालचं सोल्डर तडकलंय. मशीन पडल्यावर किंवा वाकल्यावर हे झालं असेल, तर हॉट एअरवर बसणारा कुशल कारागीर चिप उतरवून, नव्या गोळ्या लावून पुन्हा बसवतो, किंवा सॉकेटमध्ये ठेवून थेट वाचतो. दोन, आतला कंट्रोलर मेलाय. मग त्याला वळसा घालून आतले कप्पे वाचण्याचं काम मोजक्या लॅबच करतात, आणि तेही प्रत्येक चिपचं जमत नाही. कुलूप असेल तर इथेही किल्ली लागतेच.

अँड्रॉइड टॅब्लेटचं तर आणखी अवघड. अँड्रॉइड १० पासून नव्या उपकरणांत माहिती कुलूपबंद असणं सक्तीचं आहे, आणि किल्ली त्याच बोर्डवरच्या प्रोसेसरशी बांधलेली असते. चिप काढून कितीही स्वच्छ वाचली तरी हाती अर्थहीन आकडेच येतात. एक ओळखीचे गृहस्थ वडिलांच्या आवाजातले अभंग टॅब्लेटवर रेकॉर्ड केलेले घेऊन आले होते. आधीच्या दुरुस्तीवाल्यानं बोर्ड बदलून टॅब्लेट झकास चालू करून दिला होता, जुना बोर्ड भंगारात. मी त्यांना चहा दिला, दुसरं काही देता आलं नाही. मूळ चिप आणि मूळ बोर्ड एकत्र असले तरच दुरुस्तीतून काही निघू शकतं.

काकूंच्या मशीनला नवी चिप बसवणं परवडलं नसतं. काही बोर्डांवर एम.२ची रिकामी जागा असते, तिथे एसएसडी बसते. त्यांच्या बोर्डावर ती नव्हती. म्हणून आता तो लॅपटॉप यूएसबीला लावलेल्या छोट्या एसएसडीवरून लिनक्सवर चालतो, सेलोटेपनं झाकणाला चिकटवलेल्या. दिसायला वाईट, पण हिशोब टिकतो.

११ ऑगस्टनंतरच्या नोंदी काकूंनी पासबुकं आणि पावतीपुस्तक समोर ठेवून दोन दुपारी बसून पुन्हा भरल्या. त्या दोनशेच्या हप्त्याची पावती निघाली, तारीख १४ ऑगस्ट.