सही करायलाच आलेली बहीण

संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे जायच्या आधीच लेखकाने हक्कसोडपत्राचा प्रवेश नवा लिहून दिला, हे बरं झालं. जुन्या प्रवेशात भाऊ कागद पुढे करायचा आणि बहीण वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला समान हक्क देणाऱ्या २००५च्या कायद्याचा दाखला देत तडकायची. ती सही करणार नाही हे प्रेक्षकाला पहिल्याच वाक्यात कळायचं. मग उरायचं ते नुसतं भांडण.

नवी पानं वाटताना मी सोबत चिठ्ठी जोडली:

‘सुमन, तू भांडायला आलेली नाहीस. सही करायचं घरूनच ठरवून निघाली आहेस. फक्त दादाने ती तोंडाने मागायला हवी. दादा, तुला सही हवी आहे, पण मागायची नाही. मागितलीस तर हिचा वाटा होता हे कबूल होतं. म्हणून कागद सोडून बाकी सगळं बोल. “पेन आहे का?” हा टोमणा नाही. ती तुला शेवटची संधी देते आहे.’

‘रागाने’, ‘दुःखाने’ असे शब्द मी मुद्दाम टाळले. भावना लिहून दिली की नट तो चेहरा घेऊन येतो आणि समोरच्याकडे बघतच नाही.

संध्याकाळी तालमीत वाक्यं नवी आली, पण चाल जुनीच. ‘आईचं कपाट कुठे हलवलं?’ एवढं साधं वाक्य, पण सुमन ताडकन उठली. जुन्या प्रवेशात बरोबर तिथेच ती उठायची. पाठांतर पायातही बसतं. मग तिच्या मांडीवर गवारीचं ताट दिलं, आता उठता येईना. दादाला सांगितलं, फाइल पेपरखाली सरकव आणि चहाचा आग्रह करत राहा.

पुन्हा घेतलं. दादा पावसावर बोलला, नळाच्या पाण्यावर बोलला आणि थांबला. सुमन शेंगा मोडत वाट बघत राहिली. पॉज इतका लांबला की विंगेतून प्रॉम्प्टरने वाक्य फेकलं! त्याला वाटलं, दादा अडकला. प्रवेश लागल्याची मला तिथेच खात्री पटली.

पुढची निस्तरानिस्तर मात्र कंटाळवाणी. शेवटच्या प्रवेशात दादा म्हणतो, ‘त्या दिवशी तू ओरडलीस.’ आता कुणी ओरडतच नाही, ते वाक्य कापलं. लाइटचा क्यू सुमनच्या किंचाळण्यावर होता. मी म्हटलं, ती पेनचं टोपण काढेल तेव्हा घे. लाइटवाला म्हणाला, ‘शेवटच्या रांगेतून टोपण कुणाला दिसणार?’ बरोबर होतं त्याचं. शेवटी ठरलं, दादा मागत नाही म्हटल्यावर सुमनच पेपर उचलून फाइल बाहेर ओढते, क्यू तिथे. दादाचं काम करणाऱ्याने विचारलं, ‘मग मी तेव्हा काय करू?’ म्हटलं, चहात साखर घाल. तिला मधुमेह आहे, हे तुला माहीत असूनही.