काठीच का?

"ताई, आता फोनवर सगळं बोलून सांगतात, नाहीतर परदेशात असतो तसा वाट दाखवणारा कुत्रा घ्या ना, ती काठी कशाला घेऊन फिरता?" असं लोक मला विचारतात.

ग्लॉकोमाने उरलंसुरलं दिसणं गेलं तेव्हा मी ४३ वर्षांची होते, आणि खरं सांगायचं तर तेव्हा मीही हेच म्हणत होते. मोबिलिटी, म्हणजे न दिसता काठीने एकटं फिरणं, शिकवणाऱ्या सरांकडे सहा दिवस गेले आणि सोडून दिलं. स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं टॉकबॅक लावून फोन वापरता येत होता, मॅप बोलत होता, मग लांबून दिसेल अशी पांढरी काठी धरून अख्ख्या गल्लीला का सांगायचं? काठी घडी करून पर्समध्ये ठेवायचे, "लागली तर असू दे" म्हणून.

तर ती संध्याकाळ. पुण्यात, आमच्याच बसस्टॉपवरून घरी, सात-आठ मिनिटांचा रस्ता. कानात इअरफोन, हातात फोन. मॅप म्हणाला उजवीकडे वळा. मी वळले. मला वाटलं गल्लीचं तोंड आलं, पण गल्ली अजून चारेक पावलं पुढे होती, आणि मी वळले तिथे पाइपलाइनसाठी चर खणून ठेवला होता. कठडा नाही, दोरी नाही, काही नाही. डावा पाय हवेत गेला आणि मग मनगट खाली आलं. चर माझ्या कमरेएवढाच होता पण मला ते कळत नव्हतं, वर कुठे आहे तेच कळत नव्हतं, आणि कानात ती बाई शांतपणे पुढचं वळण सांगत होती. कुणीतरी भाजीवाले मामा ओरडत आले. मनगटाला सहा आठवडे प्लास्टर. पर्समधली काठी माझ्या अंगाखाली होती, घडी केलेलीच.

खणणाऱ्यांची चूक होती, ते मी आजही म्हणते. पण मॅप खोटं बोलला नव्हता हेही मला मान्य करावं लागलं. मोकळ्या आभाळाखालीसुद्धा फोनचं जीपीएस साधारण पाच मीटर इकडेतिकडे असतं, उंच इमारतींमध्ये त्याहून जास्त. आमची गल्लीच जेमतेम तेवढी रुंद! म्हणजे मी कुठल्या रस्त्यावर आहे ते फोन सांगेल, पण रस्त्याच्या कुठल्या कडेला आहे ते त्याला माहीत नाही, आणि काल खणलेला चर कुठल्या नकाशात असणार? त्यात इअरफोनने कान बंद, मागून ई-स्कूटर आली तरी कळायचं नाही.

काठी एका पावलापुढचं सांगते. प्लास्टर निघाल्यावर परत त्याच सरांकडे गेले. उभं राहिल्यावर छातीच्या हाडापर्यंत येईल एवढी लांब काठी, मूठ पोटासमोर मध्यभागी, मनगट हलवून टोक डावीउजवीकडे, खांद्यांपेक्षा दोन-दोन इंच जास्त. डावा पाय पुढे तेव्हा टोक उजवीकडे, म्हणजे पुढचं पाऊल जिथे पडणार ती जागा आधी तपासून झालेली असते. ऐकायला सोपं आहे, मला ती लय पायात यायला दोन महिने लागले. टोक खाली गेलं की थांबायचं, बस. तो चर काठीला नक्की सापडला असता.

पण काठीनेही मला मारलंय. टेम्पोच्या मागे बाहेर आलेली सळई काठीला लागतच नाही, ती खालून निघून जाते आणि सळई थेट कपाळावर. दोन टाके. कुत्रा तिथे मला वळसा घालून नेईल, आणि म्हणून कुत्र्याचा विचार मी टाकलेला नाही, लोकांना वाटतं टाकलाय. पण कुत्र्याला पत्ता माहीत नसतो हो! डावीकडे उजवीकडे मीच सांगायचं, सिग्नल कधी सुटला ते मीच कानाने ठरवायचं, म्हणून कुत्रा देणाऱ्या संस्था साधारणपणे आधी तुम्हाला काठीने फिरता येतं का ते बघतात. घरातला कुत्रा शिकवून होत नाही, तो शिकून तयार होईपर्यंत दीड-दोन वर्षांचा होतो आणि मग सात-आठ वर्षं काम करतो. इथे मला असा कुत्रा देणारं कुणी सापडलं नाही, आणि आमच्या गल्लीतली भटकी कुत्री त्याला चालू देतील का हा प्रश्न वेगळाच.

फोन अजून वापरते, पण खिशात, आणि एकच कान भरून. बस कुठवर आली, स्टॉप कुठला, एवढ्यासाठी.

आणि हो, सोसायटीचं गेट आलं की मी अजूनही काठी घडी करते. का करते ते मला नीट सांगता येत नाही. सर रागावतात, नवरा काही बोलत नाही.

तो चर नंतर बुजवला, वर सिमेंट ओतलं. आता बसस्टॉपवरून येताना काठी डांबरावरून त्या सिमेंटवर गेली की आवाज बदलतो. तिथून चार पावलं मोजते आणि उजवीकडे वळते.