काड्या फुल्ल, स्पीड गायब : शिवाजी पेठेतल्या एका घराचं वाय-फाय

तक्रार नेहमीचीच होती. प्लॅन २०० एमबीपीएसचा, राउटर नवा, आणि मोबाइलवर स्पीड ३०-३५ च्या वर जात नाही. कोल्हापुरातल्या शिवाजी पेठेतलं जुनं घर. पुढं सोपा, मग माजघर, त्यामागं स्वयंपाकघर आणि परसदार. मधल्या भिंती काळ्या दगडाच्या, दीड-दोन फूट जाडीच्या. राउटर सोप्यात, टीव्हीच्या शेजारी. काकूंनी मोबाइल पुढं धरला आणि म्हणाल्या, "ह्या बघा काड्या, फुल्ल हायत. मग अडतंय कुठं?"

अशा वेळी आधी इंटरनेट बाजूला काढायचं आणि फक्त हवेतला टप्पा मोजायचा. लॅपटॉप केबलनं राउटरला जोडून त्यावर iperf3 हा स्पीड मोजायचा प्रोग्राम `iperf3 -s` असा चालू ठेवला आणि मोबाइलवरच्या अ‍ॅपमधून हे चालवलं. आयपी लॅपटॉपचा. शेवटचा `-R` घातला की डेटा लॅपटॉपकडून मोबाइलकडं येतो, म्हणजे डाउनलोड मोजलं जातं.

```
iperf3 -c 192.168.1.10 -t 20 -R
```

राउटरपासून सहा फुटांवर उभं राहून आकडा आला ३६ एमबीपीएस. म्हणजे कंपनीची लाइन निर्दोष, अडचण घरातच. मोबाइलच्या वाय-फाय तपशिलात फ्रिक्वेन्सी दिसत होती २.४ गिगाहर्ट्झ आणि लिंक स्पीड १४४. दोन अँटेनांच्या फोनला या बँडच्या २० मेगाहर्ट्झ रुंदीच्या चॅनेलवर, वाय-फाय ४ मध्ये, एवढीच कमाल मिळते. मोकळ्या हवेतसुद्धा त्यातले साधारण निम्मेच हाताला लागतात, कारण बाकीचा वेळ पोच देण्या-घेण्यात आणि वाट बघण्यात जातो. इथं तर निम्मेही नव्हते.

कारण स्कॅनमध्ये दिसलं. पेठेत घराला घर लागून, त्यामुळं २.४ वर वीसच्या वर नेटवर्क. या बँडमध्ये आपल्याकडं चॅनेल १ ते १३ असले, तरी एकमेकांवर न चढणारे तीनच बसतात : १, ६ आणि ११. वाय-फायचा नियम असा, की चॅनेलवर दुसरं कोणी बोलत असेल तर आपण थांबायचं. शेजाऱ्याचं राउटर आपलं नाव सेकंदाला सुमारे दहा वेळा जाहीर करतं, आणि २.४ वर ही घोषणा बहुतेक वेळा १ एमबीपीएसच्या जुन्या, सावकाश वेगानं होते. त्यात कुणाचा तरी लांबच्या खोलीतला फोन रडतखडत व्हिडिओ ओढत असतो. सणासुदीतल्या महाद्वार रोडवर चांगली गाडी असून काय उपयोग, तसा प्रकार. काड्या फक्त सिग्नलचा जोर दाखवतात, गर्दी दाखवत नाहीत, म्हणून काकूंचा प्रश्न रास्त होता.

त्याच जागेवर फोन ५ गिगाहर्ट्झवर टाकला. लिंक स्पीड ८६६, iperf3 चा आकडा ४८० आणि स्पीडटेस्टला १९४, म्हणजे प्लॅन पुरेपूर. इथं चॅनेल ८० मेगाहर्ट्झ रुंद आहे, चौपट. शिवाय आसपास या बँडवर चारच नेटवर्क होती, कारण शेजाऱ्यांचं ५ गिगाहर्ट्झ त्यांच्याच भिंतींत अडकून राहतं. जी गोष्ट पल्ला कमी करते, तीच गर्दीही कमी ठेवते. (नावामागं ५जी लिहिलेलं असतं म्हणून बरेच लोक याला मोबाइलचं ५जी समजून हात लावत नाहीत. त्याचा याच्याशी काही संबंध नाही.)

घरातला मुलगा लगेच म्हणाला, "मग ५ वरच ठेवूया की कायमचं." म्हणून फोन घेऊन आत गेलो. सिग्नल डीबीएममध्ये मोजतात, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. सोप्यात २.४ ला −३८, ५ ला −४५. एक भिंत ओलांडून माजघरात −५८ आणि −७१. दुसरी ओलांडून स्वयंपाकघरात −७४ आणि −९२.

या तीन जोड्यांतला फरक बघा : ७, १३, १८. पहिला ७ चा फरक भिंतीमुळं नाही. ५ गिगाहर्ट्झची लहर सहाएक सेंटीमीटरची, २.४ ची साडेबारा. लहर आखूड तशी तिची अँटेनाही लहान, आणि लहान अँटेना हवेतून कमी ताकद गोळा करते. ७ डीबी म्हणजे जवळपास पाचवा हिस्सा. पुढं प्रत्येक दगडी भिंतीनं ५ ला आणखी पाच-सहा डीबी जास्त कापलं. एका विटेच्या पातळ भिंतीला एवढा फरक पडत नाही, म्हणून फ्लॅटमध्ये जे चालतं ते वाड्यात चालत नाही.

रुंद चॅनेलची दुसरी बाजूही इथं दिसते. चौपट रुंदीतून चौपट गोंगाट आत येतो, म्हणजे ६ डीबी जादा. २० मेगाहर्ट्झला फोनच्या रिसीव्हरचा गोंगाट −९५ च्या आसपास धरला, तर ८० ला तो −८९ होतो. स्वयंपाकघरातला −९२ त्याच्याही खाली. मात्र नेटवर्कचं नाव २० मेगाहर्ट्झमध्येच प्रसारित होतं, म्हणून यादीत ते कधी दिसत होतं, कधी गायब. जोडायला गेलं की नुसतं फिरत राहायचं. त्याच जागी २.४ वर १४ एमबीपीएस मिळत होते. कमी, पण सलग.

माजघरात ५ वर ११० मिळाले, तरी तिथं व्हिडिओ कॉलला आवाज तुटत होता. राउटरच्या पानावर जोडलेल्या फोनचा सिग्नल बघितला, तर −८०. फोन राउटरला −७१ वर ऐकतोय, राउटर फोनला −८० वर, कारण फोनची पाठवण्याची ताकद कमी. असं असलं की डाउनलोडचा आकडा छान येतो आणि समोरच्याला आपला आवाज ऐकू जात नाही. राउटर जोरदार घेऊन यावर इलाज होत नाही.

मुलानं रिपीटरची ऑर्डर द्यायची तयारी केली होती. ती थांबवली. रिपीटर स्वयंपाकघरात ठेवला तर त्यालाही −९२ च ऐकू येणार, आणि साधा रिपीटर एकाच बँडवर ऐकतो नि पुढं पाठवतो, म्हणून वेळ निम्मा जातो. त्याऐवजी टीव्हीच्या वायरीसाठी भिंतीत आधीच असलेल्या भोकातून कॅट-६ केबल माळ्यावरून ओढली आणि माजघर व स्वयंपाकघरामधल्या दाराच्या चौकटीवर दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट बसवला. दाराच्या उघड्या जागेतून दोन्हीकडं भिंत आड न येता सिग्नल जातो.

नाव आणि पासवर्ड दोन्हीकडं एकच. ५ वर पुढच्याला चॅनेल ३६, मागच्याला १४९, दोन्ही ८० मेगाहर्ट्झ. ५२ ते १४४ टाळले, कारण तिथं रडारला प्राधान्य असतं. राउटरला सुरुवातीला निदान एक मिनिट नुसतं ऐकत बसावं लागतं, आणि रडार वाटलं की चॅनेल सोडावा लागतो, तेव्हा फोन तुटतात. २.४ वर १ आणि ११, रुंदी ‘ऑटो’वरून काढून २० वर पक्की केली. सगळ्यात महत्त्वाचं, २.४ ची ताकद दोन्हीकडं ‘लो’ केली. नाहीतर कोणता बँड धरायचा हे शेवटी फोनच ठरवतो, आणि बरेच फोन जोरदार दिसणाऱ्या २.४ ला चिकटून बसतात.

आता स्वयंपाकघरात ५ वर १९० च्या आसपास मिळतात. प्रिंटर आणि गिझरचा स्मार्ट प्लग २.४ वरच आहेत, त्यांच्यात दुसरा रेडिओच नाही, आणि त्यांना स्पीड लागतही नाही. परसदारी, न्हाणीच्या पलीकडं, ५ आजही पोचत नाही. तिथं फोन आपोआप २.४ वर उतरतो. मायक्रोवेव्ह चालू असला की तिथलं गाणं अडखळतं, कारण तोही २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपासच चालतो. काकूंना एवढंच सांगितलं, की कढी गरम करताना कॉल आला तर स्वयंपाकघरातच उभं राहून बोला.