अर्ध्या मिनिटाच्या पायऱ्यांचा पेस तक्ता: माझा अनुभव

रविवारच्या लाँग रननंतर चहाच्या टपरीवर आमच्या ग्रुपमध्ये एकच प्रश्न फिरत असतो: "अमुक पेसने गेलो तर हाफ कितीत होईल?" पेस म्हणजे एका किलोमीटरला लागणारी मिनिटं-सेकंदं, आणि हाफ म्हणजे हाफ मॅरेथॉन, साधारण २१.१ किलोमीटर. प्रत्येक जण मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडतो आणि उत्तरं मात्र वेगवेगळी येतात. कारण मिनिटं-सेकंदांचा गुणाकार साध्या कॅल्क्युलेटरवर करायचा म्हणजे कोणी ५:३० ला ५.३० धरतो, तर कोणी २१.१ ऐवजी २१ ने गुणतो. शेवटी म्हटलं, एकदाच तक्ता करू आणि ग्रुपवर टाकू.

किती बारीक करायचा, हा पहिला प्रश्न. पाच-पाच सेकंदांचा केला की ओळी इतक्या होतात की हवी ती सापडत नाही. एका मिनिटाची पायरी घेतली तर ५:०० आणि ६:०० मध्ये हाफला एकवीस मिनिटांचा फरक पडतो, मग तक्ता असून नसल्यासारखाच. अर्ध्या मिनिटाची पायरी बरोबर बसली. ४:३० ते ९:०० म्हणजे फक्त दहा ओळी, आणि आमच्या ग्रुपमधले सगळे त्यात येतात.

काम स्प्रेडशीटमध्ये केलं. पहिल्या ओळीत `B1` पासून अंतरं किलोमीटरमध्ये लिहिली: `5`, `10`, `21.0975`, `42.195`. पहिल्या रकान्यात पेस. इथे एक गोष्ट पाळावीच लागते. पेस `5:30` असा टाइप केला तर स्प्रेडशीट त्याला साडेपाच मिनिटं न समजता साडेपाच तास समजते. मग पाच किलोमीटरचं उत्तर साडेसत्तावीस तास येतं, आणि साधा वेळेचा फॉरमॅट चोवीस तासांवरचं सगळं गिळून टाकत असल्यामुळे पडद्यावर दिसतं `3:30:00`. फुल मॅरेथॉनच्या रकान्यात `16:04:21`. असे आकडे दिसले की समजावं, तासांचा घोळ आहे. म्हणून पुढे शून्य तास लावायचे: `0:04:30`. पुढचं सगळं दोन सूत्रांत होतं.

```
A2:  0:04:30
A3:  =A2+TIME(0,0,30)
B2:  =$A2*B$1
```

`A3` खाली ओढायचं, `B2` उजवीकडे आणि खाली ओढायचं. डॉलरची खूण कुठे आहे ते नीट पाहा. पेससाठी रकाना पक्का हवा, अंतरासाठी ओळ पक्की हवी. एक डॉलर इकडचा तिकडे झाला की दुसऱ्या ओळीपासून आकडे भरकटतात. उत्तरांच्या रकान्यांना फॉरमॅट `[h]:mm:ss` द्यायचा. चौकटी कंसामुळे तास चोवीसनंतर परत शून्यावर जात नाहीत, त्यामुळे वरचा घोळ झालाच तर फुलच्या रकान्यात `232:04:21` असा आकडा दिसून लगेच लक्षात येतो.

तक्त्याचा मधला भाग असा आला:

| पेस | ५ किमी | १० किमी | हाफ | फुल |
|---|---|---|---|---|
| ५:०० | २५:०० | ५०:०० | १:४५:२९ | ३:३०:५९ |
| ५:३० | २७:३० | ५५:०० | १:५६:०२ | ३:५२:०४ |
| ६:०० | ३०:०० | १:००:०० | २:०६:३५ | ४:१३:१० |
| ६:३० | ३२:३० | १:०५:०० | २:१७:०८ | ४:३४:१६ |
| ७:०० | ३५:०० | १:१०:०० | २:२७:४१ | ४:५५:२२ |
| ७:३० | ३७:३० | १:१५:०० | २:३८:१४ | ५:१६:२८ |

तक्ता बरोबर आहे का, हे तपासायला कॅल्क्युलेटर लागत नाही. प्रत्येक रकान्यात खाली उतरताना वाढ सारखीच असली पाहिजे: पाचला अडीच मिनिटं, दहाला पाच मिनिटं, हाफला १०:३३ आणि फुलला २१:०६. एखाद्या सेकंदाचा फरक दिसला तर तो आकडा पूर्ण सेकंदात आणल्यामुळे. मला स्वतःला तक्त्यापेक्षा या चार वाढी जास्त उपयोगी वाटतात. सहाच्या पेसला हाफ २:०६:३५, एवढं एकच डोक्यात असलं तरी बाकीच्या ओळी धावता धावता मांडता येतात.

तक्ता ग्रुपवर टाकल्यावर आमच्यातल्या एका काकांनी विचारलं, "अरे, ते पॉइंट शून्य नऊ सात पाच कशाला? एकवीस लिही ना सरळ." काकांचं ध्येय होतं हाफ दोन तासांच्या आत. मग त्यांचंच उदाहरण करून दाखवलं. दोन तास म्हणजे ७२०० सेकंद. एकवीसने भागले तर पेस येतो ५:४३ च्या जरासा आत. २१.०९७५ ने भागले तर ५:४१. फरक दोनच सेकंदांचा, पण ५:४३ ने पूर्ण हाफ धावलं की घड्याळ २:००:३६ दाखवतं. शेवटचे साडेसत्याण्णव मीटर कोणी माफ करत नाही. काका म्हणाले, "ठेव तुझे दशांश."

याच उदाहरणात अर्ध्या मिनिटाच्या तक्त्याची मर्यादाही दिसते. ५:४१ ही ओळ तक्त्यात नाहीच, ती ५:३० आणि ६:०० च्या मध्ये कुठेतरी आहे. म्हणून खाली एक वेगळी ओळ जोडली, उलट्या दिशेची: हवा तो वेळ लिहायचा, अंतराने भागायचं आणि फॉरमॅट `m:ss` ठेवायचा. `2:00:00` लिहिलं की पेस मिळतो. दोन तास, सव्वादोन, अडीच, एवढेच वेळ घातले. लोक शेवटी याच आकड्यांच्या मागे असतात.

पण खरी अडचण शर्यतीत मनगटावरच्या घड्याळाची असते. अंतिम रेषेवर जीपीएस बऱ्याचदा २१.३ च्या आसपास दाखवतं आणि लोक आयोजकांना दोष देतात. प्रमाणित मार्ग मोजताना धावणाऱ्याला शक्य असलेली सगळ्यांत जवळची वाट धरतात, म्हणजे वळणावर कडेला चिकटून जाणारी. शिवाय मार्ग कमी भरू नये म्हणून हजारी एक मीटर जादा धरतात. फुलला ते साधारण ४२ मीटर होतात. आपण मात्र गर्दीतून डावीउजवीकडे सरकत, पाण्याच्या टेबलाकडे वळत जातो. जीपीएसची स्वतःची चूक त्यात वेगळी. घड्याळ पेस काढतं ते त्याच्या अंतरावरून. त्यामुळे घड्याळात ५:४१ दिसत असताना त्याच्या हिशेबाने २१.३ किमी झाले, तर वेळ होतो २:०१:०३. दोन तासांत यायचं तर घड्याळावर ५:३८ दिसायला हवं. मी तक्त्यात हाफच्या शेजारी `21.3` चा आणखी एक रकाना टाकला आणि त्याचं नाव ठेवलं "घड्याळाचा हाफ". शर्यतीच्या दिवशी आम्ही तोच बघतो. फुलसाठीही असाच रकाना करता येतो, पण किती जादा धरायचे ते आपापल्या जुन्या शर्यतींच्या नोंदीवरून ठरवावं. कमी गर्दीच्या शर्यतीत हा फरक बराच कमी असतो.

ट्रेडमिलवाल्यांसाठी एक रकाना शेवटी ठेवला: `=1/($A2*24)`, म्हणजे ताशी किलोमीटर. त्याला साधा आकड्याचा फॉरमॅट द्यायचा, नाहीतर तिथेही वेळच दिसते. सहाचा पेस म्हणजे १०, साडेसातचा म्हणजे ८.

छापताना हाफ आणि घड्याळाचा हाफ एवढेच दोन रकाने घेतले, अक्षर मोठं ठेवलं, शर्यतीत हाताला बांधायला त्याची पट्टी कापली आणि तिला दोन्ही बाजूंनी सेलोटेप लावली. इंकजेटची शाई घामाने पसरते, म्हणून झेरॉक्सच्या दुकानातून लेझर प्रिंट काढलेली बरी.

साताऱ्याच्या हिल हाफला मात्र मी ही पट्टी बांधत नाही. तिथे आधी यवतेश्वरचा घाट चढायचा आणि मग तोच उतरायचा, त्यामुळे सरासरी पेस अंतिम रेषेवरच खरा ठरतो, वाटेत कुठेच नाही. तिथे चढावर दम किती लागतो ते बघायचं.